लाल बटण, जार आणि स्पॅनिशमधला हुकूम: मिक्सरच्या एका मॅन्युअलचं प्रकरण

प्रकरण एका मिक्सरचं आहे. आपल्या घरात असतो तसाच, ७५० वॅटची मोटर, तीन स्टीलचे जार, समोर गोल नॉब आणि बुडाला लाल बटण. बनवणारी कंपनी इकडचीच, माल मेक्सिकोतल्या एका वितरकाला जाणार होता, त्यासाठी मोटर १२७ व्होल्ट आणि ६० हर्ट्झची वेगळी बांधलेली, पिनही तिकडची. मॅन्युअल मात्र जुनंच, इंग्रजीवरून कोणीतरी कधीतरी स्पॅनिश करून ठेवलेलं. वितरकाने ते परत पाठवलं. मेक्सिकोत घरगुती विजेच्या वस्तूंसोबत स्पॅनिशमधून सूचना द्याव्याच लागतात, त्यासाठी नोम-०२४-एससीएफआय-२०१३ नावाचं मानक आहे, पण वितरकाचं म्हणणं कायद्यापेक्षा साधं होतं, हे वाचून माझ्या गिऱ्हाइकाला मशीन चालवता येणार नाही. मी स्पॅनिशची भाषांतरकार, मग ते काम माझ्याकडे आलं.

कंपनीची अपेक्षा होती की मी जुन्या मजकुरावर हात फिरवून द्यावा, व्याकरण बघावं, झालं. पण मजकूर वाचला तर व्याकरण बऱ्यापैकी ठीक होतं. गडबड वेगळीच होती, एकाच भागाला चार पानांत तीन नावं, सूचना कधी एका रूपात कधी दुसऱ्या, आणि धोक्याचं वाक्य नेमकं काम होऊन गेल्यावर. भाषा येणाऱ्या माणसाने केलेलं काम होतं, पण मिक्सर समोर न ठेवता केलेलं.

आणि मिक्सर समोर नव्हता याचा पुरावा नॉबवरच होता. आपल्या मिक्सरवर नॉब उलटा फिरवून धरला की मोटर तेवढ्यापुरती चालते, सोडला की थांबते, त्याला बऱ्याच मॅन्युअलमध्ये इंचर म्हणतात. जुन्या भाषांतरात त्याचं झालं होतं पुल्गादा. पुल्गादा म्हणजे लांबी मोजायचा इंच. म्हणजे मेक्सिकोतली बाई वाचणार की नॉब इंचावर फिरवा. बरोबर शब्द पूल्सो, म्हणजे झटका, त्यांच्या मिक्सरवर ही सोय असतेच आणि तिला हेच म्हणतात. त्यामुळे मी कंपनीला पहिलं सांगितलं ते हे, की मला फाईल नको आधी एक मशीन पाठवा, मेक्सिकोवालं नसेल तर इकडचं चालेल.

मशीन आल्यावर पहिला उलगडा झाला तो लाल बटणाचा. संपूर्ण कामात यावर सगळ्यात जास्त वेळ द्यावा असं हेच ठिकाण होतं, म्हणून तेच नीट सांगते.

जारमध्ये जास्त भरलं, घट्ट वाटण अडकलं, की मोटरवर लोड येतो आणि ओव्हरलोड प्रोटेक्टर मोटर बंद करतो. मग बुडातलं लाल बटण दाबून तो परत बसवायचा. जुन्या मॅन्युअलमध्ये याबद्दल एकच वाक्य होतं, मशीन उलटं केलं जाऊ शकतं आणि लाल बटण दाबलं जावं. बस. आता प्रत्यक्ष काय होतं बघा. वाटता वाटता मिक्सर बंद पडला, नॉब तीनवरच राहिलाय, पिन सॉकेटमध्येच आहे, माणसाला वाटतं बंद तर आहे. तो मशीन उलटं करतो, बटण दाबतो, आणि प्रोटेक्टर बसला की सर्किट पूर्ण होतं, मोटर तीनच्या स्पीडला हातातच सुरू होते. जार काढला असेल तर जारची पाती फिरवणारा वरचा कपलर उघडा फिरतोय आणि उलट्या मशीनला धरलेला हात त्याच्याजवळ. जार काढलाच नसेल तर तो पडणार, आतलं सांडणार. या मॉडेलला जार बसवला नाही तर मोटर चालूच होणार नाही असं कुलूपही नव्हतं, ते मी मशीनवर करून बघितलं.

इथे भाषांतर करणाऱ्याची हद्द कुठे ते कळणं महत्त्वाचं. मूळ इंग्रजीत पिन काढा असं नाही, तर मी स्पॅनिशमध्ये आपल्या मनाने घालू शकत नाही, कारण उद्या इंग्रजी एक सांगतं आणि स्पॅनिश दुसरं सांगतं असं झालं तर जबाबदारी कोणाची. पण गप्प बसून तसंच उतरवणंही चालणार नाही. मग लेखी प्रश्न पाठवायचा. मी कंपनीच्या इंजिनिअरला लिहिलं की बटण दाबताना नॉब कुठे असावा, पिन कुठे असावी, जार असावा का नसावा, आणि मोटर थंड व्हायला किती थांबायचं. त्यांचा फोन आला, "मॅडम, ते तर सगळ्यांना माहिती असतं ना." मी म्हटलं, साहेब, आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मिक्सर आहे म्हणून माहिती आहे, तिकडे काचेच्या जारचे ब्लेंडर असतात, असलं बुडातलं बटण त्या माणसाने कदाचित आयुष्यात बघितलेलं नसेल. त्यांना पटलं, त्यांनी मूळ इंग्रजीच सुधारून पाठवलं, थंड व्हायची मिनिटंही त्यांनीच दिली, आणि मग स्पॅनिश असं झालं:

१. पोंगा एल सेलेक्तोर एन ०. (नॉब ० वर आणा.)
२. देसेनचूफे एल आपारातो. (पिन सॉकेटमधून काढा.)
३. रेतीरे एल वासो. (जार काढा.)
४. एस्पेरे... (इतकी मिनिटं थांबा.)
५. कोलोके ला बासे बोका आबाहो. (बेस उलटा ठेवा.)
६. प्रेसियोने एल बोतोन रोहो. (लाल बटण दाबा.)

यातलं प्रत्येक वाक्य क्रियापदाने सुरू होतं आणि एका वाक्यात एकच काम आहे. हे सोपं दिसतं, पण यातला जवळजवळ प्रत्येक शब्द ठरवून घेतलेला आहे, आणि तिथेच खरं काम असतं.

दुसऱ्या ओळीतलं देसेनचूफे घ्या. जुन्या मजकुरात इथे देस्कोनेक्ते होतं. मेक्सिकोत देस्कोनेक्ते म्हटलं की लोक पिनच काढतील, तिकडे अडचण नाही. पण स्पेनमधल्या मॅन्युअलमध्ये कोनेक्तार आणि देस्कोनेक्तार हे चालू करणे आणि बंद करणे याअर्थीही सर्रास येतं. म्हणजे स्पेनचा माणूस नॉब बंद करेल आणि समजेल की सांगितलेलं केलं. कंपनीला पुढे तेच मॅन्युअल स्पेनलाही वापरायचं होतं, त्यामुळे बटण बंद करणं म्हणजे कायम आपागे, आणि पिन काढणं म्हणजे कायम देसेनचूफे, अशी फोड करून टाकली. देसेनचूफे कुठल्याही देशात वाचा, पिन ओढण्याखेरीज दुसरा अर्थ निघत नाही. सुरक्षेच्या जागी शब्द निवडताना मी एवढंच बघते, की घाईत असलेल्या माणसाला त्यातून दुसरं काही वाटू शकतं का. छान वाटतो का, भारदस्त आहे का, ते नंतर.

सहाव्या ओळीतलं प्रेसियोने पण तसंच. स्पेनमध्ये बटण दाबा याला पूल्से म्हणतात, पण आपल्या नॉबवरच्या जागेचं नाव पूल्सो ठेवलंय, मग पूल्से कुठे आणि पूल्सो कुठे, वाचणारा अडखळणार. मेक्सिकोत प्रेसियोने आणि ओप्रीमा दोन्ही चालतात. प्रेसियोने दोन्हीकडे कळतं म्हणून तेच घेतलं आणि पूल्से पूर्ण मॅन्युअलमधून बाद. आणि धरा, पकडा यासाठी स्पेनमध्ये रोज वापरतात ते कोहा हे क्रियापद तर मेक्सिको आणि अर्जेंटिनात अश्लील अर्थाचं आहे, ते चुकूनही जायला नको, तिथे सुहेते. जार कानाला धरून उचला म्हणजे सुहेते एल वासो पोर एल आसा.

आता रूपाचा प्रश्न, कारण स्पॅनिशमध्ये हुकूम द्यायच्या तीन तरी पद्धती आहेत आणि जुन्या मॅन्युअलमध्ये तिन्ही एकत्र नांदत होत्या. एक म्हणजे अहो-जाहोचं उस्तेद रूप, हिरे, कोलोके, रेतीरे. दुसरं अरे-तुरेचं तू रूप, हिरा, कोलोका, रेतीरा. तिसरं नुसतं मूळ क्रियापद, हिरार, कोलोकार, रेतीरार, म्हणजे आपल्याकडे फिरवणे, काढणे असं पाटीवर लिहितात तसं. शिवाय अर्जेंटिनात तूच्या जागी वोस, त्याचं रूप वेगळं. रॉयल स्पॅनिश अकादमी मूळ क्रियापदाचा असा वापर सूचनापत्रांत मान्य करते, त्यामुळे हिरार लिहिलं म्हणून चूक नाही. तू रूपही आता बऱ्याच ब्रँडच्या मॅन्युअलमध्ये दिसतं, जवळीक वाटते म्हणून.

मी उस्तेद घेतलं, आणि त्याचं कारण अदब हे पहिलं नव्हतंच. तू रूपातला हुकूम आणि साधा वर्तमानकाळ स्पॅनिशमध्ये बहुतेक क्रियापदांचा दिसायला एकच असतो. हिरा ला कुचीया असं लिहिलं तर त्याचा अर्थ पातं फिरव असा होतो, आणि पातं फिरतं असाही होतो, कारण स्पॅनिशमध्ये कर्ता क्रियापदानंतर येऊ शकतो. पात्याबद्दलच्या वाक्यात एक अर्थ म्हणजे हाताने काम कर आणि दुसरा अर्थ म्हणजे हात लांब ठेव, इतकं अंतर आहे. हिरे लिहिलं की हुकूमच, दुसरं काही नाही. वोसवाल्या देशातही उस्तेद रूप तेच राहतं, त्यामुळे पुढे माल अर्जेंटिनात गेला तरी क्रियापदं बदलावी लागत नाहीत. मूळ क्रियापद मी शीर्षकातही नको म्हटलं, तिथे नाम घेतलं, लिंपिएसा देल वासो, म्हणजे जारची स्वच्छता, म्हणजे शीर्षक कोणतं आणि करायचं काम कोणतं हे नजर टाकल्यावर कळतं.

नकार देतानाचं बरं असतं, उस्तेदमध्ये नो लावायचं आणि क्रियापद तसंच ठेवायचं, नो सुमेर्हा ला बासे, बेस पाण्यात बुडवू नका. तू रूपात नकाराचं क्रियापद बदलतं, हिरा पण नो हिरेस, तिथे घाईत लिहिणारा हमखास घसरतो.

इंग्रजीतलं कर्मणी वळण हा आणखी एक त्रास. आपल्याकडच्या इंग्रजी मॅन्युअलमध्ये सगळं केलं जावं, काढलं जावं, धुतलं जावं असं असतं. जुन्या भाषांतराने ते एल वासो से रेतीरा असं केलं होतं. हे वाचून कळत नाही की जार मी काढायचाय, का कोणीतरी काढतं, का तो आपोआप निघतो. आणि इंग्रजीतल्या पाहिजेसाठी जिथे तिथे देबेरिया लावलं होतं. देबेरिया म्हणजे केलेलं बरं, सल्ला. पिन काढलेली बरी असं सुरक्षेच्या पानावर लिहायचं नसतं. नियम असेल तर देबे, करायचं काम असेल तर सरळ हुकूम, आणि सल्लाच असेल तर रेकोमेन्दामोस, म्हणजे आम्ही सुचवतो, असं तिन्हीचं वेगळं खातं केलं. मग मूळ मजकुरातलं प्रत्येक पाहिजे यातल्या कुठल्या खात्यात जातं हे इंजिनिअरला विचारून ठरवलं, काही ठिकाणी त्यांनाही विचार करावा लागला.

आता भागांची नावं. इथे सगळ्यात आधी मशीनचंच नाव अडलं. मेक्सिकोत असल्या यंत्राला लिकुआदोरा म्हणतात. स्पेनमध्ये लिकुआदोरा म्हणजे ज्युसर, फळाचा रस आणि चोथा वेगळा करणारा, आणि आपलं यंत्र तिकडे बातिदोरा दे वासो. उलट मेक्सिकोत बातिदोरा म्हणजे अंडी, केकचं पीठ फेटायचं यंत्र. जुन्या मॅन्युअलच्या मुखपृष्ठावर लिकुआदोरा, आत बातिदोरा, आणि वॉरंटी कार्डावर तिसरंच काहीतरी मोलीनो, म्हणजे गिरणी. मेक्सिकोच्या प्रतीत मुखपृष्ठावर लिकुआदोरा आणि सोबत मोलीनोचं विशेषण, कारण आपला मिक्सर सुकं वाटणही करतो आणि वितरकाला तेच विकायचं होतं, वाळक्या मिरच्या, मसाले. आत मात्र सगळीकडे एल आपारातो, म्हणजे यंत्र, बस. आतल्या मजकुरात सरळ साधा शब्द ठेवला की देश बदलताना फक्त मुखपृष्ठ आणि एकदोन जागा बदलाव्या लागतात.

जारला जुन्या मजकुरात हार्रा, वासो आणि रेसिपिएन्ते अशी तिन्ही नावं होती. रेसिपिएन्ते म्हणजे कुठलंही भांडं, ते गेलंच. मेक्सिकोत लिकुआदोराच्या जारला वासो म्हणतात आणि स्पेनमध्ये बातिदोरा दे वासो या नावातच वासो आहे, त्यामुळे वासो ठरला. आणि इथे कंपनीच्या माणसाने सुचवलं की मग हार्राच्या जागी वासो असं एकदम बदलून घेऊया, कॉम्प्युटर दोन सेकंदात करेल.

ते केलं असतं तर काय झालं असतं ते त्यांना एका वाक्यावर दाखवलं. जुनं वाक्य होतं, सिएर्रे ला हार्रा कोन ला तापा ई कोलोकेला सोब्रे ला बासे. जार झाकणाने बंद करा आणि तो बेसवर ठेवा. स्पॅनिशमध्ये हार्रा स्त्रीलिंगी, म्हणून कोलोकेलाच्या शेवटचं ला जारकडे बोट दाखवतं. वासो पुल्लिंगी. फक्त हार्रा बदलून वासो केलं की वाक्य होतं, सिएर्रे एल वासो कोन ला तापा ई कोलोकेला. आता वाक्यात स्त्रीलिंगी उरलं फक्त झाकण, आणि व्याकरणाने अर्थ झाला की जार झाकणाने बंद करा आणि झाकण बेसवर ठेवा. व्याकरण तपासणारं सॉफ्टवेअर याला लाल रेघ मारणार नाही, कारण वाक्य बिनचूक आहे. जुन्या मॅन्युअलमध्ये अशी अर्धवट बदललेली वाक्यं खरंच होती, कोणीतरी आधी हाच उद्योग केलेला दिसत होता.

म्हणून नियम असा केला की सूचनेच्या ओळीत तो, ती, ते लावायचंच नाही, नाम परत लिहायचं. सिएर्रे एल वासो कोन ला तापा. कोलोके एल वासो सोब्रे ला बासे. कानाला जरा एकसुरी लागतं, साहित्य म्हणून कोणी वाचलं तर कंटाळेल, पण ओल्या हाताने मध्येच पान बघणाऱ्या माणसाला मागची ओळ वाचावी लागत नाही. शाळेत स्पॅनिश शिकताना एकच शब्द परत परत नको असं शिकवतात, मॅन्युअलमध्ये ते विसरायचं. आज वासो, उद्या रेसिपिएन्ते असं केलं की वाचणाऱ्याला वाटतं दुसरा कुठला तरी भाग आहे, खोक्यात शोधत बसतो.

शब्दांची यादी मी साध्या एक्सेल शीटमध्ये केली. एका ओळीत इंग्रजी नाव, भागाचा फोटो, मेक्सिकोचा शब्द, स्पेनचा शब्द, लिंग, आणि शेवटचा रकाना कुठले शब्द वापरायचे नाहीत त्याचा. शेवटचा रकाना सगळ्यात उपयोगी पडला, कारण तपासताना ते नको असलेले शब्द एकेक करून फाईलमध्ये शोधायचे, सापडला की तिथे काहीतरी राहिलंय. फोटोचा रकाना इंजिनिअरसाठी, त्यांना स्पॅनिश येत नव्हतं, पण फोटोसमोर नाव बघून ते सांगू शकत होते की हा कपलर आहे, हा ब्लेडचा नट आहे, दोन्हीला एकच नाव कसं दिलंत.

सॉकेट आणि पिनचा घोळ वेगळा. एनचूफे हा शब्द बऱ्याच ठिकाणी पिनलाही म्हणतात आणि भिंतीतल्या सॉकेटलाही. मेक्सिकोत पिन म्हणजे क्लाबीहा आणि सॉकेट म्हणजे कोन्ताक्तो, स्पेनमध्ये सॉकेट म्हणजे तोमा दे कोर्रिएन्ते. ओल्या हाताने पिनला हात लावू नका हे वाक्य लिहायचं तर पिन कोणती, सॉकेट कोणतं ते स्वच्छच हवं, म्हणून नाम म्हणून एनचूफे बंद, फक्त क्रियापद देसेनचूफे चालू.

आता इशारे. मूळ इंग्रजीत सगळ्या इशाऱ्यांवर एकच शब्द होता, आणि भाषांतरात त्याचे आतेन्सिओन, कुइदादो, प्रेकाउसिओन, आविसो असे चार झाले होते, जसं मनात आलं तसं. अमेरिकेच्या झेड५३५ मानकांत या शब्दांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत आणि स्पॅनिशमध्ये त्या जोड्या आता बऱ्यापैकी रुळल्यात. टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच असेल तिथे पेलिग्रो, होऊ शकते तिथे आद्वेर्तेन्सिया, छोटी मध्यम इजा होऊ शकते तिथे प्रेकाउसिओन, आणि माणसाला नाही पण वस्तूला नुकसान असेल तिथे आविसो. पायरी ठरवायचं काम कंपनीचं, माझं काम एका पायरीला एकच शब्द. आमच्या मॅन्युअलमध्ये पेलिग्रो एकदाही लागला नाही. बेस पाण्यात बुडवण्याला आद्वेर्तेन्सिया, जारमध्ये खूप भरण्याला आविसो. सगळीकडे मोठ्ठा धोका लिहिला की माणूस कुठलाच वाचत नाही.

पात्यांच्या इशाऱ्याची जागा बदलली तो बदल बाहेरून लहान दिसतो. जुन्यात होतं, जार रिकामा करा, धुवा, पुसा, आणि मग खाली, सावधान, पाती धारदार आहेत. तोपर्यंत हात आत जाऊन आलेला. आता इशारा पायरीच्या आधी आहे, आणि त्यात धोका काय, काय होईल, काय करायचं या क्रमाने तीन छोटी वाक्यं आहेत. पाती धारदार आहेत. हात कापू शकतो. पाती ब्रशने धुवा, बोटांनी नको.

काही वाक्यांना मात्र मी हातच लावला नाही. वायर खराब झाली तर ती उत्पादकाने, त्याच्या सर्व्हिस सेंटरने किंवा तशाच जाणकार माणसाने बदलावी, हे वाक्य आयईसी ६०३३५-१ या घरगुती यंत्रांच्या मानकातलं आहे. गरम द्रव ओतताना जपा, अचानक वाफ होऊन तो बाहेर उडू शकतो, हे स्वयंपाकघरातल्या यंत्रांच्या ६०३३५-२-१४ मधलं. स्पेनमध्ये या मानकांची स्पॅनिश आवृत्ती आहे, त्यात ही वाक्यं ठरलेल्या शब्दांत मिळतात. ती तशीच घ्यायची. तपासणारी लॅब तेच शब्द शोधते, आपण सुंदर करायला गेलो तर उगाच प्रश्न येतात. फक्त त्यात वायरला जो शब्द आहे, काब्ले दे आलिमेन्तासिओन, तोच मग बाकी सगळ्या मॅन्युअलमध्येही लावायचा, नाहीतर एकीकडे काब्ले आणि दुसरीकडे कोर्दोन असं होतं.

जागेचीही मारामारी असते. स्पॅनिश मजकूर इंग्रजीपेक्षा लांबतो, साधारण पाचवा हिस्सा तरी धरून चाला, आणि घडीचा कागद तेवढाच. डिझायनरने अक्षर बारीक करून दाखवलं, मग म्हणाला काही ओळी गाळा. आम्ही पाककृतींचं अर्धं पान गाळलं, इशारे आणि पायऱ्या तशाच ठेवल्या.

छापायच्या आधी दोन तपासण्या केल्या. एकदा फक्त क्रियापदं वाचली, प्रत्येक पायरीचा पहिला शब्द, वरून खाली, बाकी काही नाही. पोंगा, देसेनचूफे, रेतीरे, एस्पेरे असं जाताना मध्येच एखादं रेतीरार किंवा हिरा आलं की लगेच टोचतं, पूर्ण वाक्य वाचताना ते डोळ्यांखालून निसटतं. दुसरी तपासणी वितरकाकडच्या सर्व्हिसमधल्या एका बाईंनी केली. त्यांच्याकडे नमुन्याचं मशीन होतं, त्यांना सांगितलं की पिन न लावता मॅन्युअल वाचत वाचत सगळं करा आणि जिथे थांबाल तिथे खूण करा. त्या एके ठिकाणी थांबल्या. ब्लेडचा नट काढायला घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरवा लिहिलं होतं, त्यांनी जार सरळ धरून वरून फिरवला, आणि नट बुडाला असल्यामुळे दिशा उलटी पडली, नट आणखी घट्ट झाला. भाषांतर बरोबर, मूळही बरोबर, पण कुठून बघायचं ते दोन्हीकडे नव्हतं. तिथे आधी एक पायरी घातली, जार उलटा ठेवा, आणि चित्रात बाण. हेही इंजिनिअरकडून मंजूर करूनच.

मग स्पेनची प्रत. मोटर परत २३० व्होल्ट ५० हर्ट्झची, मुखपृष्ठावर बातिदोरा दे वासो, कोन्ताक्तोच्या जागी तोमा दे कोर्रिएन्ते, घड्याळाचे काटे मेक्सिकोत मानेसियास तर स्पेनमध्ये आगुहास, आणि मेक्सिकोत १.५ लिटर लिहितात तिथे स्पेनमध्ये स्वल्पविराम, १,५. पायऱ्यांमधलं एकही क्रियापद बदलावं लागलं नाही. बदललेल्या जागा सगळ्या शीटमध्ये आधीच दोन रकान्यांत होत्या, त्यामुळे ती प्रत करायला मला फारसं काही उरलं नव्हतं, फक्त वॉरंटी कार्डावरचं मोलीनो कंपनीने अजून बदललेलं नव्हतं, ते परत एकदा कळवलं.